सकाळी सव्वासहाचं 'शुभ सकाळ' तिकडे संध्याकाळी पोचतं, त्याचं काय करायचं?

तक्रार आईची आहे आणि ती मला पाठ झाली आहे: "ताई माझ्या मेसेजला उत्तरच देत नाही." आई रोज सकाळी सव्वासहाला घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'शुभ सकाळ' टाकते. एक फुलाचं चित्र, खाली दोन ओळी. ताई कॅलिफोर्नियात, मावशी न्यू जर्सीत, आत्या लंडनला, बाकी सगळे भारतात. इथल्यांचे हात जोडलेले इमोजी दहा मिनिटांत येतात. ताईकडून काही येत नाही, आणि आलंच तर "आई, इथे संध्याकाळ आहे गं" एवढंच येतं. मग आई चिडून दोन दिवस 'शुभ संध्याकाळ' लिहिते, इथले लोक विचारतात "तब्येत बरी आहे ना?", आणि तिसऱ्या दिवशी गाडी पुन्हा मूळ पदावर.

मी हे तीनदा दुरुस्त केलं आणि तीनदा बिघडलं. चौथ्यांदा जे केलं ते टिकलंय. बहुतेक घरांत दुरुस्ती एकाच ठिकाणी होते आणि बिघाड तीन ठिकाणी असतो, म्हणून आधी बिघाड कुठे आहे ते शोधण्यापासून सुरुवात करतो.

आधी नेमकं काय चुकतंय ते बघा

चूक शब्दाची असू शकते, वेळेची असू शकते किंवा वाराची. तिन्ही वेगळ्या आहेत आणि एकाच मेसेजमध्ये वेगवेगळ्या माणसांसाठी वेगवेगळी चूक असते. आईचा सव्वासहाचा मेसेजच घ्या. जून महिना आहे असं धरा. इथे सकाळचे 6:15 झालेले असताना ताईकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ, 5:45. मावशीकडे आदल्याच दिवसाची रात्र, 8:45. आत्याकडे मात्र तारीख बदललेली आणि रात्रीचे 1:45.

इथेच आमचं पहिलं निदान चुकलं होतं. सगळी चर्चा ताईच्या संध्याकाळीवर चालली होती, कारण बोलत तीच होती. पण ताई आणि मावशी दोघी त्या वेळी जाग्या असतात. त्यांच्या बाबतीत मेसेजमुळे काही बिघडत नाही, फक्त शब्द खोटा पडतो. खरा त्रास आत्याला होत होता. पावणेदोनला उशाशी फोन थरथरायचा, आणि ती बिचारी कधी बोलली नाही. ज्याची तक्रार येते त्याचीच अडचण मोठी असते असं नाही.

हे अंदाजाने ठरवू नका, फोनमध्ये सरळ दिसतं. ग्रुपमधला स्वतःचा मेसेज दाबून धरा आणि `Info` उघडा. कुणाला कधी पोचला आणि कुणी कधी वाचला, हे माणसागणिक दिसतं. निळ्या खुणा बंद ठेवणाऱ्यांचंही वाचणं ग्रुपमध्ये लपत नाही, ती सोय फक्त एकेकट्या चॅटला लागू आहे. आईच्या एका मेसेजचं मी असं बघितलं: मावशीने 6:17 ला वाचला, ताईने 9:20 ला, आत्याने 11:40 ला. हे सगळे आकडे आईच्या फोनचे, म्हणजे भारतातल्या वेळेचे असतात, ते त्यांच्या वेळेत फिरवावे लागतात. ताईचे 9:20 म्हणजे तिकडचे रात्रीचे 8:50. आत्याचे 11:40 म्हणजे सकाळचे 7:10.

आता ताईचं गप्प बसणं समजतं. पावणेसहाला ती ऑफिसमधून गाडी चालवत घरी येत असते. मेसेज उघडते पावणेनऊनंतर, मुलं झोपल्यावर. त्या वेळी दिवसभराने थकलेल्या माणसाने 'शुभ सकाळ'ला काय उत्तर द्यायचं? तिने तीनदा 'शुभ रात्री' लिहून पाहिलं होतं, तर आईने उलट फोन करून विचारलं, "अगं, आत्ता कुठे झोपतेस, दिवस उजाडलाय की!" तेव्हापासून ताईने लिहिणं सोडलं.

एक छोटी तपासणी सांगून ठेवतो. तुमचा आणि नातेवाइकाचा एकाच मेसेजचा स्क्रीनशॉट शेजारी ठेवा. भारताची वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे आणि अमेरिकेच्या मुख्य भूमीवरच्या वेळा पूर्ण तासांच्या फरकाने चालतात. त्यामुळे मिनिटांचा फरक बरोबर 30 निघाला पाहिजे. आईकडे 6:15 तर ताईकडे काहीतरी :45. दोन्हीकडे मिनिटं सारखीच दिसली, तर नातेवाइकाच्या फोनचा टाइम झोन अजून भारताचा आहे, किंवा कुणीतरी घड्याळ हाताने पुढेमागे केलंय. मावशी भारतातून परतल्यावर आठवडाभर असंच झालं होतं. फोनच्या तारीख-वेळेच्या सेटिंगमधला आपोआप टाइम झोन घेण्याचा पर्याय चालू केल्यावर मिटलं.

फरक पाठ करू नका, पण ताळा जमला पाहिजे

हिशोब तोंडी करायचा असेल तर तास मोजत मागे जाण्यापेक्षा एक सोपी पद्धत आहे. सकाळचं रात्र करा, रात्रीचं सकाळ करा, आणि मग थोडं कमी-जास्त करा. कॅलिफोर्नियासाठी उन्हाळ्यात अर्धा तास कमी: इथे सकाळचे 7, तर तिकडे संध्याकाळचे 6:30. न्यूयॉर्क-न्यू जर्सीसाठी उन्हाळ्यात अडीच तास जास्त: इथे सकाळचे 7, तर तिकडे रात्रीचे 9:30. शिकागो मध्ये पडतं, तिथे दीड तास जास्त. इथली सकाळ असेल तर तिकडे वार आदल्या दिवसाचा, एवढं लक्षात ठेवलं की पुरतं.

लंडनसाठी काटेवालं घड्याळ असेल तर ते उलटं धरा. भारताची वेळ दाखवणारं घड्याळ डोक्यावर धरलं की हिवाळ्यातली लंडनची वेळ दिसते. इथे 7 वाजलेत, उलट्या घड्याळात दीड दिसतो. काटा थोडा इकडे-तिकडे वाटतो, पण ताळा बरोबर बसतो. आईला हा प्रकार इतका आवडला की दोन दिवस भिंतीवरचं घड्याळ खाली उतरवलेलं होतं.

पण 'उन्हाळ्यात' हा शब्द मी मुद्दाम पुन्हा पुन्हा लिहिला. सगळी दुरुस्ती वर्षातून दोनदा कोसळते ती त्याच्यामुळेच. त्याकडे पुढे येतो.

शब्दाची दुरुस्ती

पहिला प्रयत्न सगळे करतात तोच मीही केला: समोरच्याच्या वेळेप्रमाणे शब्द बदलायचा. ताईला 'शुभ संध्याकाळ', मावशीला 'शुभ रात्री', आत्याला काहीच नाही. कागदावर बरोबर, वापरात अशक्य. सत्तरीच्या बाईने रोज पहाटे उठून तीन देशांचा हिशोब करावा आणि मग अभिवादन निवडावं, ही अपेक्षाच चुकीची. शिवाय 'शुभ संध्याकाळ' आपल्याकडे रोजच्या बोलण्यात कोण म्हणतं? ते निवेदकाचं वाक्य वाटतं. आईच्या तोंडी ते आलं की ताईला वाटायचं, आई रागावली आहे.

दुसरा प्रयत्न: "तिकडे जे काय असेल ते शुभ." दोन दिवस हसू आलं, मग संपलं.

टिकलं ते वेगळंच. आईने स्वतःची सकाळ स्वतःच्या नावावर सांगायची आणि समोरच्याला त्याच्या दिवसाबद्दल विचारायचं. "इथे उजाडलं. तुझा आजचा दिवस कसा गेला?" यात खोटं काही नाही, हिशोब लागत नाही. आणि संध्याकाळी पोचलेल्या माणसाला हा प्रश्न नेमका योग्य वेळी मिळतो, कारण त्याचा दिवस नुकताच संपलेला असतो आणि सांगायला काहीतरी असतं. 'शुभ सकाळ'ला फार तर हात जोडून उत्तर देता येतं. "दिवस कसा गेला" याला ताईने पहिल्याच दिवशी आठ ओळी लिहिल्या. गाडी बंद पडली, साहेब चिडला, धाकट्याला ताप होता, सगळं. आईला तो ताप चार दिवसांनी कळला असता.

इथे एक अडचण येते, ती आधीच सांगतो. तयार चित्रांवर 'शुभ सकाळ' छापलेलं असतं आणि चित्र पाठवायची सवय सुटत नाही. सोडवूही नका. चित्र इथल्यांना जाऊ दे, ताईला वेगळी ओळ लिहायची. हे कसं करायचं ते ग्रुपच्या भागात लिहिलंय.

वाराची दुरुस्ती

सर्वांत जास्त डोकं फिरवणारा मेसेज कुठला, असं मी ताईला विचारलं. माझा अंदाज होता पहाटेची व्हिडिओ क्लिप. ती म्हणाली, "सोमवारचा." आई सोमवारी सकाळी 'नवा आठवडा, नवा उत्साह' असं काहीतरी पाठवते. ताईकडे तेव्हा रविवारची संध्याकाळ असते. सुट्टीचे शेवटचे तीन-चार तास उरलेले, आणि फोन सांगतो उद्या सोमवार आहे. "गं आई, मला माहितीये!"

हाच हिशोब उलटा वापरला तर फायद्याचा आहे. इथली शनिवारची सकाळ म्हणजे तिकडची शुक्रवारची संध्याकाळ, आणि इथली रविवारची सकाळ म्हणजे तिकडची शनिवारची. या दोन सकाळी फोन करायला सगळ्यांत चांगल्या, कारण दुसऱ्या दिवशी कुणाला लवकर उठायचं नसतं. सोमवारी सकाळी मात्र आईला मी काहीच वार न लिहायला सांगितलं. "वार लिहू नकोस" एवढा एकच नियम, आणि तो तिने पाळला.

वाढदिवसाला हीच चूक महागात पडते. आई रात्री बाराच्या ठोक्याला शुभेच्छा पाठवते, पहिली असावी म्हणून. समजा ताईचा वाढदिवस 12 जूनला. इथे 12 तारीख लागते तेव्हा ताईकडे 11 तारखेचे सकाळचे साडेअकरा वाजलेले असतात. ती कामात, वाढदिवस उद्यावर. ग्रुपमध्ये चाळीस शुभेच्छा तिच्या आदल्या दिवशी येऊन पडतात आणि तिचा खरा दिवस सुना जातो. ताईची 12 तारीख सुरू होते इथल्या 12 तारखेला दुपारी साडेबाराला. तिच्या सकाळी शुभेच्छा पोचवायच्या असतील तर त्याच दिवशी संध्याकाळी साडेसात-आठला पाठवा. मावशीची तारीख मात्र इथल्या सकाळी साडेनऊलाच बदलते. हे उन्हाळ्याचे आकडे, हिवाळ्यात दोन्हीत एकेक तास वाढवा.

वेळेची दुरुस्ती, आणि ती का मोडते

काही जणांना शब्द बदलायचा नसतो. 'शुभ सकाळ' म्हणजे 'शुभ सकाळ'च, त्यात तडजोड नाही. आईचं निम्मं मन तसंच आहे. मग वेळ हलवावी लागते: इथल्या संध्याकाळी, दिवेलागणीनंतर पाठवायचं, म्हणजे तिकडे खरंच सकाळ असते. इथे रात्रीचे 8, ताईकडे सकाळचे 7:30. ताई तेव्हा मुलांचे डबे भरत असते, पण फोन ओट्यावर असतो आणि ती बघते. उत्तर दोन मिनिटांत.

आईच्या फोनवर मी रोज रात्री आठचा गजर लावून दिला. हा माझा तिसरा प्रयत्न होता आणि तो जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत झकास चालला. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ताईचा मेसेज आला: "आई, साडेसहाला का उठवतेस?" आईला वाटलं, फोन बिघडला.

फोन ठीक होता. अमेरिकेत बहुतेक राज्यांमध्ये घड्याळ वर्षातून दोनदा हलवतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे, 2007 पासून हेच वेळापत्रक आहे. 2026 मध्ये ते 8 मार्च आणि 1 नोव्हेंबर. भारत घड्याळ हलवत नाही. त्यामुळे कॅलिफोर्नियाशी फरक मार्च ते नोव्हेंबर साडेबारा तास आणि बाकी काळात साडेतेरा तास. न्यू जर्सीशी साडेनऊ आणि साडेदहा. आईचा गजर आठलाच वाजत राहिला, पण आठ वाजता ताईकडे आता साडेसहा होते. ॲरिझोनाचा बहुतांश भाग आणि हवाई घड्याळ हलवत नाहीत, तिथे नातेवाईक असतील तर ही कटकट नाही. लंडनमध्येही घड्याळ हलतं, पण मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. म्हणजे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबरच्या अखेरीला आठवडाभर अमेरिका आणि लंडन यांच्यातला नेहमीचा फरकही एका तासाने बदललेला असतो. त्या दिवसांत कुणाचाच पाठांतराचा आकडा खरा नसतो.

आणखी एक गोष्ट गोंधळात टाकते. अमेरिकेत घड्याळ तिथल्या स्थानिक वेळेनुसार पहाटे दोनला हलतं, म्हणजे ताईचं हलतं तेव्हा इथे रविवारची दुपार उलटत असते. त्यामुळे रविवारी सकाळी पाठवलेला मेसेज जुन्या फरकानेच जातो, सगळं ठीक वाटतं, आणि चूक सोमवारी उघडी पडते.

तर गजर नको. आता चालू असलेला उपाय असा: गजर इथल्या वेळेला बांधायचा नाही, ताईच्या वेळेला बांधायचा. फोनचा साधा गजर हे करत नाही, पण गुगल कॅलेंडर करतं. आईच्या फोनमध्ये नवीन इव्हेंट केला, नाव 'ताईला मेसेज'. वेळ भरायच्या आधी वेळेच्या खाली असलेलं `Time zone` उघडून तिथे Los Angeles शोधून निवडलं. मग वेळ घातली सकाळचे 7:30, म्हणजे ताईचे साडेसात. रोज पुन्हा येईल असं ठरवलं आणि सूचना इव्हेंटच्या वेळीच मिळेल असं ठेवलं. उन्हाळ्यात आईच्या फोनवर सूचना रात्री 8 ला येते. नोव्हेंबरमध्ये ती आपोआप 9 वर सरकते, मार्चमध्ये पुन्हा 8 वर येते. आईला यातलं काही कळावं लागत नाही. तिने फक्त विचारलं, "आज हा तासभर उशिरा का वाजला?" मी म्हटलं, ताईचं घड्याळ मागे गेलं. तिला पटलं.

शहराच्या नावाने निवडा, हे आवर्जून सांगतो. यादीत 'पीएसटी' किंवा 'जीएमटी वजा 8' असं काही सापडलं आणि तेच घेतलं, तर घड्याळ हलण्याचा नियम त्यात येईलच असं नाही, आणि मग तुमची सूचना गजरासारखीच जागेवर बसून राहील. तपासायची युक्ती सोपी आहे. कॅलेंडरमध्ये पुढे नोव्हेंबरपर्यंत जा आणि तोच इव्हेंट कुठल्या वेळेला दिसतो ते बघा. 1 नोव्हेंबरनंतर तो रात्री 9 ला दिसत असेल तर बरोबर बांधलंय. 8 लाच असेल तर चुकलंय.

मेसेज आधी लिहून ठेवून ठरलेल्या वेळी आपोआप पाठवायची सोय टेलिग्राममध्ये आहे, गुगलच्या मेसेजेस ॲपमध्ये एसएमएससाठी आहे. ती चांगली आहे, पण दोन कारणांनी मी आईला दिली नाही. तिथे घातलेली वेळ तुमच्या फोनच्या घड्याळाची असते, म्हणजे नोव्हेंबरचा घोळ पुन्हा आलाच. दुसरं कारण ताईने सांगितलं, आणि मला ते पटलं. आईचा मेसेज आला म्हणजे आई उठली आहे, बरी आहे, असा तिचा अर्थ असतो. एकदा आई दिवसभर फोन चार्ज करायला विसरली तर ताईने मला तिकडच्या मध्यरात्री उठून फोन केला होता. आपोआप जाणाऱ्या मेसेजने ती खूण हरवते.

ग्रुपची दुरुस्ती

एका ग्रुपमध्ये तीन देशांतली माणसं असतील तर त्या ग्रुपला एक सकाळ नसते. हे मान्य केलं की बरंच सोपं होतं. आईच्या फोनमध्ये एक ब्रॉडकास्ट यादी केली, त्यात फक्त इथले. चित्र रोज त्या यादीला जातं, प्रत्येकाला ते स्वतंत्र मेसेज म्हणून मिळतं. ग्रुप रिकामा राहतो बातम्यांसाठी: कुणाचा निकाल, कुणाची तब्येत. ताईला वेगळी ओळ. ब्रॉडकास्टची एक मेख आहे. ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवलेला नाही त्यांना मेसेज पोचत नाही, आणि तुम्हाला तसं कुणी सांगतही नाही. आईच्या यादीतल्या दोन चुलत जावांकडे तिचा जुनाच नंबर होता. तीन आठवडे त्या 'शुभ सकाळ'विना राहिल्या आणि आईला वाटलं, त्यांच्याशी काही बिनसलं.

आईने ग्रुप सोडला नाही, हे खरं. अधूनमधून एखादं चित्र सवयीने तिथेच पडतं. म्हणून दुसऱ्या टोकालाही थोडी तजवीज लागते, आणि ती आत्याच्या फोनवर केली.

आत्याने कंटाळून ग्रुप `Always` म्यूट केला होता. त्याने झोप वाचली, पण घरात एक आजारपण झालं तेव्हा तिला दुपारपर्यंत पत्ता नव्हता. म्यूट ग्रुपला लावण्याऐवजी झोपेला लावा. तिच्या आयफोनवर रात्री 11 ते सकाळी 7 पर्यंत स्लीप फोकस चालू होतो, त्यात कुठलाच मेसेज वाजत नाही, आणि आई व मी, आमचे दोन नंबर फोनसाठी मोकळे ठेवलेत. ॲन्ड्रॉइडवर हेच `Do Not Disturb` मध्ये वेळापत्रक लावून होतं. दोन्हीकडे पुन्हा पुन्हा फोन करणाऱ्याला वाट देण्याचा पर्याय असतो: त्याच नंबरवरून दुसरा फोन आयफोनवर 3 मिनिटांत आणि ॲन्ड्रॉइडवर 15 मिनिटांत आला तर तो वाजतो. तो चालू ठेवा आणि इथल्या सगळ्यांना सांगून ठेवा, की खरंच गरज असेल तर लागोपाठ दोनदा फोन करायचा.

हे केल्यावर आईने सव्वासहाला काय पाठवावं याची कुणालाच चिंता उरली नाही. आत्या सात वाजता उठून बघते, तिच्या दृष्टीने तो मेसेज सकाळचाच असतो.

अजूनही काय बिघडतं

ताई प्रवासात असली की कॅलेंडरची सूचना लॉस एंजेलिसच्या वेळेनेच येते, ती मात्र न्यूयॉर्कला असते आणि तिकडे साडेदहा वाजलेले असतात. याचं आपोआप काही होत नाही. ताई जाण्याआधी सांगते, आई त्या आठवड्यात सूचनेकडे दुर्लक्ष करते.

आई स्वतः ताईकडे गेली होती तेव्हा उलटंच झालं. तिथे पोचून पहिल्याच दिवशी पहाटे सव्वासहाला तिने सवयीने इथल्या सगळ्यांना 'शुभ सकाळ' पाठवलं. इथे संध्याकाळचे पावणेसात. मी उत्तर दिलं नाही. अर्ध्या तासाने तिचा फोन आला, "अरे, बघितलास का मेसेज? काही बोलला नाहीस." मागून ताई हसत होती.